३० सेकंदांची शॉर्ट, ९ सक्तीचे मुद्दे: इन्फ्लुएन्सरला ब्रीफ किती बांधून द्यावं?

नाचणीवाला: आमची नाचणी-गुळाची बिस्किटं आहेत. नाचणी ४५ टक्के, बाकी गव्हाचं पीठ, गूळ, तूप. पाककृती करणाऱ्या एका ताईंबरोबर ३० सेकंदांची शॉर्ट ठरलीय. ब्रीफमध्ये, म्हणजे त्यांना द्यायच्या लेखी सूचनांत, ९ मुद्दे सक्तीचे आहेत: नाव, नाचणी, मैदा नाही, शुगर फ्री, मधुमेहींना चालतं, मुलांच्या डब्यासाठी, किंमत, वेबसाइट, सवलतीचा कोड. भागीदार म्हणतो, सगळे संवाद लिहूनच द्या. आणि वर ‘जाहिरात’ दिसलं की लोक सरकवतात, तर कॅप्शनच्या शेवटी #collab टाकलं की झालं. तुमचं मत?

कात्रीवाला: आधी शब्द मोजा. मराठीत नीट कळेल अशा वेगाने बोललं तर ३० सेकंदांत ६५-७० शब्द बसतात. ९ मुद्द्यांना प्रत्येकी सात-आठ शब्द धरले की झाली वेळ संपली. बिस्किट मोडलेलं दाखवायला, चहात बुडवायला, एक श्वास घ्यायला जागा कुठे आहे? मग ताई भरभर वाचणार आणि पाचव्या सेकंदाला माणूस पुढे जाणार. तो ‘जाहिरात’ शब्दामुळे गेला असं तुम्हाला वाटणार.

तोंडाने बोलायच्या तीनच गोष्टी ठेवा: नाव, नाचणी आणि गूळ, मुलांचा डबा. किंमत आणि कोड पडद्यावर, शेवटचे चार सेकंद. वेबसाइट कॅप्शनमध्ये. ‘मैदा नाही’ हे पाकीट कॅमेऱ्यासमोर फिरवून घटकांच्या यादीवर बोट ठेवलं की आपोआप येतं, बोलायची गरज नाही.

उरलेले दोन मुद्दे सक्तीचे नाहीत, बंदीचे आहेत. गूळ घातलेल्या बिस्किटाला ‘शुगर फ्री’ म्हणता येत नाही, ‘नो अॅडेड शुगर’सुद्धा नाही. ‘साखरेऐवजी गूळ’ म्हणा, तेवढं खरं आहे. ‘मधुमेहींना चालतं’ पूर्ण काढा. ब्रीफमध्ये ‘हे बोलायचं नाही’ असा वेगळा रकाना करून तिथे हे दोन्ही शब्दशः लिहा. नाहीतर ताई उत्साहाच्या भरात स्वतःहूनच बोलतील.

रीलवाली: मुद्दे कमी करा, हे पटलं. मी रील्स करते म्हणून सांगते, लिहून दिलेले संवाद ऐकताच कळतात. माझ्या तोंडी ‘पौष्टिकतेने परिपूर्ण’ आलं की बघणाऱ्यांना लगेच समजतं, हे हिचं नाही. सुरुवातीचे तीन सेकंद, जागा आणि बोलण्याची ढब तिच्यावर सोडा. जाहिरातीचं म्हणाल तर अॅपमधला ‘पेड पार्टनरशिप’ टॅग चालू केला की पुरतं. आणि नुसता फुकट डबा पाठवला असेल, पैसे नसतील, तर काहीच लिहावं लागत नाही.

कात्रीवाला: ढबीबद्दल शंभर टक्के. शेवटच्या दोन वाक्यांत मात्र गडबड आहे. फुकट वस्तू, सवलत, सहल हे सगळं ब्रँडशी असलेल्या आर्थिक संबंधातच धरतात आणि तो जाहीर करावा लागतो, पैसे असोत वा नसोत. आणि अॅपचा टॅग लावाच, पण त्यावर थांबू नका. व्हिडिओतही शब्द दिसायला हवा आणि ऐकूही यायला हवा. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेचे, म्हणजे अॅस्कीचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान ३ सेकंद, त्याहून मोठ्या पण २ मिनिटांच्या आतल्यात एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. म्हणजे इथे १० सेकंद. व्हिडिओ मराठी तर लेबलही मराठी: ‘जाहिरात’. कॅप्शनच्या शेवटी दहा हॅशटॅगमध्ये दडवलेलं #collab धरत नाहीत.

ब्रीफमध्ये ‘योग्य ते डिस्क्लोजर करावे’ असं लिहू नका, त्यातून काहीच मिळत नाही. असं लिहा: “पहिल्या फ्रेमपासून १० सेकंद, वरच्या बाजूला, गडद पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ‘जाहिरात’; शिवाय एकदा तोंडानेही.” वरच्या बाजूला एवढ्यासाठी की खालच्या भागावर कॅप्शन आणि उजवीकडे बटणं चढतात. एडिट करताना लेबल छान दिसतं आणि टाकल्यावर अर्धं झाकलेलं असतं. म्हणून मंजुरी फाइलवर न देता अॅपमधल्या प्रिव्ह्यूच्या स्क्रीनशॉटवर द्या.

तिरकस: सगळे स्वातंत्र्याच्या बाजूने बोलताहेत म्हणून उलट बाजू मांडतो. भागीदाराचं चूक नाही. खाण्याच्या पदार्थावर एक शब्द घसरला तर नोटीस कोणाला येणार? ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत जाऊ शकतो, आणि तो उत्पादकालाही लागतो. ताई ‘हाडं मजबूत होतात’ म्हणून मोकळ्या होतील. संवाद लिहून द्या, सही घ्या, विषय संपला.

कात्रीवाला: दंड शिफारस करणाऱ्या ताईंनाही लागतो, शिवाय त्यांच्यावर एक वर्षापर्यंत जाहिराती करायची बंदी येऊ शकते. आणि नेमकं इथेच तुमचं लिहून देणं अंगाशी येतं. प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस ही त्या व्यक्तीचं खरं, सध्याचं मत हवी आणि तिला पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा. तुम्ही लिहून दिलं, ‘मी रोज मुलांच्या डब्यात हीच देते’, आणि त्यांनी पाकीटच उघडलेलं नसेल, तर ते खोटं वाक्य तुम्ही लिहिलंय. दावे शब्दशः बांधा, मत बांधू नका. ‘साखरेऐवजी गूळ’ जसंच्या तसं. ‘मला कशी वाटली’ त्यांच्या शब्दांत, आणि शूटिंगच्या निदान आठवडाभर आधी दोन पाकिटं घरी पोचवा.

तिरकस: आणि त्या म्हणाल्या ‘जरा कोरडी आहेत, चहाबरोबर बरी लागतात’, तर?

रीलवाली: तर तेच सगळ्यात चांगलं वाक्य आहे. ठेवा!

तिरकस: पैसे मी द्यायचे आणि कोरडी म्हणवून घ्यायचं? नाही पटत.

मिक्सरवाले काका: माझं वेगळंच आहे. आम्ही एकीला २६,००० चं यंत्र दिलं, पैसे नाहीत. व्हिडिओ आला, पण नंतर सीए म्हणाले कर कापायला हवा होता. हे ब्रीफमध्ये लिहायचं का?

कात्रीवाला: काका, धाग्याचा प्रश्न तो नाही, पण एक ओळ जरूर लिहा: वस्तू ठेवायची की परत करायची. वर्षभरात एका व्यक्तीला दिलेल्या वस्तूंची किंमत २०,००० च्या वर गेली तर १० टक्के करकपातीचा नियम जुलै २०२२ पासून आहे. यंत्र परत घेतलं तर तो लागत नाही. छोट्या वैयक्तिक मालकीच्या धंद्याला सूट असते, तुमचं त्यात बसतं का ते सीएंनाच विचारा.

रीलवाली: काय काय द्यायचं हेही स्पष्ट लिहा ना. ‘एक शॉर्ट’ म्हणतात आणि मग स्टोरी मागतात, मूळ फाइल मागतात, सहा वेळा बदल मागतात.

कात्रीवाला: बरोबर. एक उभी शॉर्ट, १०८० बाय १९२०, २८ ते ३० सेकंद. एक स्टोरी, लिंकसह. कॅप्शन, ‘जाहिरात’ पहिल्या ओळीत. व्हिडिओ ९० दिवस काढायचा नाही. बदल दोनदाच: एकदा कल्पना लिहिलेली असताना, एकदा कच्च्या एडिटवर. चुकीचा दावा किंवा झाकलेलं लेबल ही दुरुस्ती, ती बदलांत मोजत नाही. ‘पडदा दुसऱ्या रंगाचा हवा होता’ हा बदल.

गाण्याचंही ठरवा. अॅपमधलं ट्रेंडिंग गाणं व्यावसायिक वापरासाठी बहुधा चालत नाही, मग तीच शॉर्ट पैसे लावून जास्त लोकांपर्यंत पोचवायला गेलात की आवाज बंद होतो किंवा अडते. म्हणून संगीत आणि अक्षरं नसलेली दुसरी प्रत मागा.

रीलवाली: ती प्रत फुकट नाही हं. ती दिली की तुम्ही सहा महिने माझा चेहरा जाहिरातीत चालवणार.

कात्रीवाला: म्हणूनच तिचे पैसे वेगळे आणि मुदत लिहिलेली, ३० किंवा ६० दिवस.

नाचणीवाला: बोलायचे मुद्दे तीन केले, बंदीचा रकाना घातला, लेबल वर घेतलं. दुसरी प्रत ३० दिवसांसाठी मागतोय. ‘कोरडी’वर मात्र भागीदार अडून बसलाय.

तिरकस: भागीदाराला माझा नमस्कार सांगा.