मदत हवी आहे : ऑपरेशनच्या काळात माझं काम बघणाऱ्याला पासवर्ड कसे द्यायचे?

हिशेब_राजारामपुरी
८ सप्टेंबरला माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी दोन आठवडे लॅपटॉपला हात लावायचा नाही असं सांगितलंय. मी एकटीच जीएसटीची रिटर्न्स भरते. एक ओळखीची मैत्रीण तेवढ्यापुरतं बघायला तयार आहे. सगळे पासवर्ड एक्सेलमध्ये आहेत. ते तिला पाठवायला सुरक्षित ॲप कुठलं, एवढंच सांगा. थोडी घाई आहे.

शाहूपुरीकर
बिटवॉर्डन हे पासवर्ड ठेवायचं ॲप घ्या, विषय संपला. त्यात इमर्जन्सी ॲक्सेस आहे. तुम्ही ॲडमिट झाला की मैत्रिणीला सगळं आपोआप दिसेल.

जुना_टॅली
आपोआप काही दिसत नाही, दादा. मैत्रिणीने निमंत्रण स्वीकारायचं, मग ताईंनी परत आत जाऊन तिला कन्फर्म करायचं. ही शेवटची पायरी राहिली, तर गरजेच्या दिवशी काहीच उघडत नाही. त्यावर तिने मागणी केल्यापासून थांबायची मुदत, ती कमीत कमी एक दिवस. शिवाय ही सोय पैसे भरलेल्या खात्यालाच आहे. ती माणूस अचानक आडवा झाला तर कामाची. इथं तर तारीख आधीच ठरलेली आहे.

ताई, ॲप नंतर बघू. क्लायंट किती? त्यात मासिक किती, तिमाही किती? आणि मुख्य म्हणजे ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

हिशेब_राजारामपुरी
एकूण ३८. मासिक २६, तिमाही १२. सगळे प्रोप्रायटर, त्यामुळे ओटीपीवरच फाईल होतं, डीएससी, म्हणजे डिजिटल सही, कुणाचीच नाही. ओटीपी त्यांच्या त्यांच्या नंबरवर जातो. ११ जणांना माझाच नंबर आणि ईमेल लावलाय. रजिस्ट्रेशनच्या वेळी त्यांनीच सांगितलं होतं, "तुमचाच टाका."

चांदी_हुपरी
मग फोन मैत्रिणीकडे फॉरवर्ड करून टाका की.

जुना_टॅली
कॉल फॉरवर्ड होतो, एसएमएस होत नाही. ओटीपी ताईंच्याच फोनवर येऊन पडेल. सिमच काढून मैत्रिणीला दिलं, तर ताईंच्या बँकेचे ओटीपीसुद्धा तिच्या हातात जातील.

ताई, खरी अडचण या ११ जणांची आहे, पासवर्डची नाही. त्यांचा नंबर आणि ईमेल आत्ताच बदलून घ्या. पोर्टलवर `Services > Registration > Amendment of Registration Non-Core Fields` इथं जाऊन मालकाच्या माहितीत मोबाईल आणि ईमेल बदलायचा. नव्या दोन्हीवर ओटीपी येतील, म्हणून क्लायंट फोनवर हजर हवा. शेवटी सबमिट करताना ईव्हीसीचा, म्हणजे सहीऐवजीचा ओटीपी मात्र जुन्याच नंबरवर जातो. म्हणून तुमचा फोन तुमच्या हातात आहे तोवरच हे उरका. अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. ईमेलसुद्धा क्लायंटचाच टाका, कारण फाईल करतानाचा ओटीपी मोबाईल आणि ईमेल दोन्हीकडे जातो. मोबाईलला रेंज नसली तर तेवढाच आधार.

सई_लक्ष्मीपुरी
मला वेगळंच विचारायचंय. मैत्रिणीला काम नक्की किती द्यायचं? सगळं कशाला? ऑगस्टचं आर-वन, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, १ तारखेपासून भरता येतं. ३ ते ७ सप्टेंबरमध्ये २६ च्या २६ आर-वन ताईच उरकू शकतात. ते मात्र राहून चालणार नाही. आर-वन ११ तारखेच्या पुढे गेलं, तर ती बिलं माल घेणाऱ्याच्या टू-बीत, म्हणजे १४ तारखेला तयार होणाऱ्या त्याच्या क्रेडिटच्या यादीत, येत नाहीत. मग तो क्रेडिट मिळालं नाही म्हणून क्लायंटचं पेमेंट अडवतो. त्या महिन्याचं आर-वन राहिलं तर थ्री-बी, म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्नही, भरता येत नाही.

थ्री-बीला आपली टू-बी लागते, म्हणून ते १४ च्या आधी उरकायला जाऊ नका. म्हणजे मैत्रिणीकडे उरलं फक्त १४ ते २० मधलं थ्री-बी. तिमाहीवाल्यांचं ऑगस्टचं टॅक्सचं चलन, पीएमटी-०६, २५ तारखेला असतं, तोवर तुम्ही उठून बसलेल्या असाल.

शाहूपुरीकर
१५ सप्टेंबरला ॲडव्हान्स टॅक्सचा दुसरा हप्ता असतो, तोही धरा. आणि उशीर झालाच तर काय, ५० रुपये रोज!

सई_लक्ष्मीपुरी
५० रुपये एकाचे. २६ जणांचं थ्री-बी ५ दिवस लांबलं तर ६,५०० होतात, आणि वर भरायच्या टॅक्सवर वार्षिक १८ टक्के व्याज. क्लायंट ते तुमच्याच फीमधून कापणार.

चांदी_हुपरी
पुराचं पण बघून ठेवा. २०१९ ला आणि २०२१ ला कोल्हापुरात किती दुकानांत पाणी शिरलं! कागद वरच्या मजल्यावर ठेवा, लॅपटॉपचा बॅकअप ठेवा.

जुना_टॅली
बरोबर आहे, पण तो वेगळा धागा होईल.

ताई, आता ॲपचं. बिटवॉर्डनच्या फुकट खात्यातही दोघांची मिळून एक ऑर्गनायझेशन, म्हणजे सामायिक तिजोरी, करता येते. तिच्यात फक्त या २६ जणांचे लॉगिन ठेवा. तुमचा मुख्य पासवर्ड, बँक, ईमेल यातलं काहीच मैत्रिणीला द्यायचं नाही. काम संपलं की तिला काढा आणि २६ पासवर्ड बदला, कारण एकदा दिसलेला पासवर्ड परत झाकता येत नाही. एक्सेल व्हॉट्सॲपवर पाठवू नका, ती फाईल दोन्ही फोनवर राहून जाते. आणि प्रत्येक क्लायंटकडून "अमुक तारखेपर्यंत अमुक व्यक्ती माझं थ्री-बी भरेल, चालेल" असा मेसेज घ्या. नाहीतर परक्या बाईने फोनवर ओटीपी मागितला म्हणून तो फोनच ठेवून देईल. त्यानं तसंच करायला पाहिजे.

पैशांची काय सोय आहे?

हिशेब_राजारामपुरी
चालू खात्यात सव्वा लाख आहेत. घर आणि ऑफिस मिळून महिन्याला ३८,००० जातात. मेडिक्लेम आहे.

शाहूपुरीकर
खात्याला मिस्टरांना नॉमिनी लावा, म्हणजे ते काढू शकतील.

जुना_टॅली
नाही. नॉमिनीला पैसे मिळतात ते खातेदार गेल्यावर, आजारपणात नाही. घरखर्चाची रक्कम दोघांच्या बचत खात्यात टाका, 'दोघांपैकी कोणीही' अशा पद्धतीच्या.

ताई, त्या सव्वा लाखात क्लायंटनी टॅक्स भरायला दिलेले किती?

हिशेब_राजारामपुरी
४२,००० असतील.

सई_लक्ष्मीपुरी
मग तुमचे ८३,०००. आता मांडून बघा. फी तुम्ही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागत असाल, तर ऑगस्टची वसुली सप्टेंबरमध्ये थोडीफार येत राहील. खड्डा पडेल ऑक्टोबरमध्ये, कारण सप्टेंबरची बिलंच उशिरा निघणार. म्हणून दोन महिन्यांचे ७६,००० धरा. मैत्रिणीला रिटर्नमागे ३०० धरले तर ७,८००. मेडिक्लेममध्ये न बसणारी औषधं, हातमोजे वगैरे आणि ॲडमिट होताना भरायची रक्कम मिळून २५,०००. एकूण १,०८,८००. म्हणजे २५,८०० कमी पडतात. ऑगस्टची फी या आठवड्यातच मागा.

आणि क्लायंटचे ते ४२,००० खात्यात ठेवून ऑपरेशनला जाऊ नका. चलन तुम्हीच तयार करून क्लायंटला पाठवा, तो स्वतःच्या बँकेतून भरेल. चलन १५ दिवस चालतं, म्हणून ६-७ तारखेला काढलं तरी २० पर्यंत पुरतं.

जुना_टॅली
सई, टू-बी यायच्या आधी चलनाची रक्कम कशी ठरवणार? अंदाजाने काढलं आणि कमी पडलं, तर दुसरं चलन लागणार.

सई_लक्ष्मीपुरी
थोडं जास्त भरायचं, उरलेलं क्लायंटच्या पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्येच राहतं.

जुना_टॅली
किराणावाल्याला जास्त भरा म्हणून सांगून बघा. मैत्रिणीलाच १४ नंतर चलन काढू दे.

हिशेब_राजारामपुरी
११ पैकी ७ जणांचे नंबर आज बदलून झाले. चौघांकडे ईमेलच नाही, त्यांचे काढून देतेय. चलनाचं मैत्रिणीशी बोलून ठरवते. आणखी एक, ती माझे क्लायंट स्वतःकडे वळवेल याची भीती वाटते. त्यावर काय करता येईल?

चांदी_हुपरी
लिहून घ्या तिच्याकडून.

सई_लक्ष्मीपुरी
लिहून घेऊन फार काही होत नाही. ओटीपीसाठीचा फोन मिस्टरांना करू दे, मैत्रिणीकडे क्लायंटचे नंबरच जायला नकोत.