पीएसडीतला फॉन्ट गायब : दुसरा लावायचा की मूळच मिळवायचा?

पत्रिकावाली_नाशिक : गिऱ्हाईकाने जुन्या लग्नपत्रिकेची पीएसडी पाठवली आहे. फोटोशॉप म्हणतं, कृतिदेव 010 हा फॉन्ट नाही. लेयरवर पिवळा त्रिकोण आहे, पण मजकूर नीट दिसतोय. नावं-तारीख बदलायची आहेत आणि पुढेही बदलता आली पाहिजेत. सरळ मुक्ता फॉन्ट लावू का?

अक्षरजुळणी : नका लावू. तुम्हाला दिसतंय ते फाइलमध्ये जपलेलं चित्र आहे, फॉन्ट बदललात की ते गेलं. कृतिदेवमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. लेयरला कुणी हाताने नाव दिलं नसेल, तर फोटोशॉप मजकूरच नाव म्हणून घेतं. तिथे `fuea=.k` दिसलं, तर तेच तुमचं ‘निमंत्रण’. मुक्तामध्ये इंग्रजी अक्षरंही आहेत, त्यामुळे तो `fuea=.k` असंच छापेल. वर त्रिकोणही निघून जाईल आणि फाइल निर्धोक वाटेल.
आधी लेयरची प्रत काढा आणि मूळ लेयर लपवून लॉक करा. प्रतीतला मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, करून परत टाका, मग मुक्ता लावा. जोडाक्षरं सुटली किंवा वेलांटी अक्षराच्या मागे गेली, तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत World-Ready कंपोझर निवडा.

फ्लेक्सवाला : एवढा खटाटोप कशाला? मजकुराचे शेप, म्हणजे नुसते आकार, करून टाका. छापखान्यात फॉन्टची कटकटच राहत नाही.

अक्षरजुळणी : छापायला द्यायच्या शेवटच्या प्रतीपुरतं बरोबर आहे. पण शेप झालेली तारीख पुन्हा टाइप करून बदलता येत नाही, आणि ताईंना तेच हवंय.

मांडणीकार : माझ्या इंग्रजी माहितीपत्रकात हेल्वेटिका नव्हता. एरियल लावला, एक ओळ हलली नाही. तुम्ही उगाच घाबरवताय.

अक्षरजुळणी : एरियलमधल्या अक्षरांची रुंदी हेल्वेटिकाशी जुळवूनच केलेली आहे आणि दोन्हीकडे ‘ए’ म्हणजे ‘ए’च. इथे तसं काही नाही. मुक्ता लावल्यावर ओळी लांबतील. चौकट भरली की खालचा मजकूर गुपचूप लपतो, चौकटीच्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह येतं. अशा वेळी अक्षरं दाबून अरुंद करू नका, चौकट वाढवा किंवा आकार थोडा कमी करा. मुक्तामध्ये सात वजनं आहेत, खोटा ठळकपणा द्यायची गरज नाही.

जुनाछापखाना : मला हे पटत नाही. मूळ फॉन्ट रीतसर मिळत असेल तर तोच घाला. कन्व्हर्टर रफार आणि वेलांटीत चुकतात. कुलकर्ण्यांचं आडनाव पत्रिकेवर चुकलं, तर तुमचं युनिकोड कोण बघणार?

अक्षरजुळणी : त्यासाठीच जुनी छापील पत्रिका शेजारी ठेवून प्रत्येक नाव वाचायचं. कृतिदेव घातलात, तर पुढचा माणूस ज्या मशीनवर फाइल उघडेल तिथे पुन्हा हेच.

जुनाछापखाना : पुढचा माणूस पुढे बघेल. पत्रिका उद्या हवी असेल, तर मी मूळ फॉन्टच घालीन.

पत्रिकावाली_नाशिक : लेयरचं नाव `fuea=.k` असंच आहे! छपाईला आठवडा आहे. प्रत काढून युनिकोड करून बघते, आणि गिऱ्हाईकाकडे मूळ फॉन्टही विचारते.