जंपर: ‘उडालेलं पान’ की ‘पडलेलं पान’?

आर्वीकरीण: टॅरोमध्ये, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून प्रश्नाचं उत्तर बघताना, पिसता पिसता एखादं कार्ड आपोआप बाहेर येतं, त्याला ‘जंपर’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं? आणि ते उत्तरात धरतात का?

दर्यापूरचे काका: आमच्या पारावर वाटताना पत्ता उघडा पडला का डाव मोडते, पुन्हा पिसा. याच्यात धरणं-सोडणं काय आलं बाप्पा?

दारव्हा: काका, ते रमीत. इथं बऱ्याच जणांचा नियम असा: एकटं पान उडालं तर धरायचं. दोनपेक्षा जास्त पडले तर हात सुटला समजून सगळे परत गड्डीत. म्हणून मी ‘उडालेलं’ आणि ‘पडलेलं’ असे वेगळे शब्द वापरते. नवी गड्डी फार गुळगुळीत असते, शिवाय टॅरोचं कार्ड रमीच्या पत्त्यापेक्षा मोठं. लहान हातात ७८ मावत नाहीत, घसरतातच. जिथं दर मिनिटाला पान निसटतं, तिथं निसटण्याला अर्थ उरत नाही.

आर्वीकरीण: पण चित्राचं डोकं खाली येऊन उलटं पडलं तर अर्थही उलटा घ्यायचा ना?

दारव्हा: गड्डीतून ओढलेलं पान उलटं निघालं तर काही जण तसं वाचतात. उडालेलं पान हवेत कोलांटी खाते, जमिनीवर कसंही पडते. मी ते सरळच वाचते. पालथं पडलं तर न बघता परत गड्डीत ठेवते. सगळे असं करत नाहीत, काही जण पालथंही उघडतात.

आर्वीकरीण: माझंच सांगते. भावानं विचारलं, कापूस आता विकू की भाव चढेपर्यंत थांबू? पिसताना सेव्हन ऑफ पेंटॅकल्स उताणं उडालं. कुदळीवर टेकून झाडाच्या फळाकडे बघत उभा माणूस! तो म्हणे, थांबायचंच उत्तर आलं.

दारव्हा: पान बोलकं आहे म्हणूनच घाई करू नका. ते बाजूला ठेवा, ठरलेली तीन पानं काढा आणि आधी त्यांचंच उत्तर लावा. मग उडालेलं जोडून बघा. तुमचं मधलं पान काय आलं?

आर्वीकरीण: फोर ऑफ पेंटॅकल्स. नाणी छातीशी कवटाळून बसलेला.

दारव्हा: मग उडालेल्यानं ‘थांब’ म्हटलं असं मी नाही वाचणार. भाऊ आधीच माल धरून बसलाय, दोन्ही पानं त्याचंच चित्र काढतात. विकायचं कधी, ते तिसऱ्या पानावरून बघा. भाव मात्र बाजारातच विचारा.

काका: म्हंजे आवडलं तर धरायचं, नाही आवडलं तर हात सुटला म्हणायचं?

दारव्हा: खरी खोट तिथंच आहे काका. डेथ उडालं का शिकाऊ माणूस गुपचूप परत खुपसते, सन उडालं का टेबलावर मांडते. म्हणून धरायचं की नाही, ते पिसायच्या आधी मोठ्यानं बोलून ठेवायचं.

आर्वीकरीण: आणि विचारणाऱ्यानंच पिसलं अन् त्याच्या हातून उडालं तर?

दारव्हा: मी धरते. माझी मैत्रीण धरत नाही, म्हणते त्याला पिसताच येत नाही.

काका: मंग ‘निसटपान’ म्हणा.