मदत हवी आहे: पहिल्यांदाच बँकेतून पैसे पाठवले आणि खात्याचा एक आकडा चुकला

आमच्या हिंजवडीच्या साइटवर सेंटरिंगचं काम करणारा एक पोरगा आहे, कटिहारचा. आजवर गावी निघालेल्या माणसाच्या हातीच घरी पैसे धाडायचा. यंदा मीच भरीस घालून त्याला बँकेत नेलं. काउंटरवर रोख 8,000 भरून एनईएफटी केली. स्लिप मी भरली. आईच्या पासबुकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, घडीच्या जागी पुसट. तिथला 3 मी 8 वाचला.

तसं खातंच नसतं तर पैसे दोन-चार तासांत माघारी आले असते. आज तिसरा दिवस, म्हणजे ते दुसऱ्याच कुणाच्या खात्यात पडलेत. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरच जमा होते, नावाचा उपयोग नाही. यूटीआर नंबर जोडून शाखेत लेखी अर्ज दिलाय. ते म्हणतात, समोरच्याने संमती दिली तरच पैसे फिरतील.

असे पैसे कुणाला परत मिळालेत का? ज्या बँकेत पैसे पडले तिच्या शाखेला थेट लिहावं, की आधी पोलिसांत अर्ज द्यावा?

पोरगा काही बोलत नाही हो. संध्याकाळी हातपाय धुऊन येतो आणि एवढंच विचारतो, "साहब, आया?"