मदत हवी आहे: गोल्ड फंड की गोल्ड ईटीएफ? फंडाचा खर्च कमी दिसतो, तरी परतावा मागे का?

खामला_चौक:
नमस्कार मंडळी. सासूबाई गुरुपुष्याला इतवारीत जाऊन थोडं का होईना सोनं घ्यायच्याच. मी शाळेत शिकवते, मुलगी आठवीत आहे. दागिने आता पुरेसे झाले. पाच वर्षांनी तिच्या शिक्षणाला लागेल म्हणून महिन्याला 5,000 रुपये कागदी सोन्यात टाकायचं ठरवलं आहे.

दीड वर्षापासून बँकेतल्या ताईंनी सुरू करून दिलेली गोल्ड फंडाची एसआयपी चालू आहे. हा फंड स्वतः सोनं घेत नाही, त्याच कंपनीच्या गोल्ड ईटीएफची, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकत मिळणाऱ्या सोन्याच्या फंडाची, युनिट घेतो. सहा महिन्यांपूर्वी भाचा म्हणाला, मधला माणूस कशाला, सरळ ईटीएफच घे. म्हणून डीमॅटमधून अधूनमधून तेही घेऊन राहिली आहे.

आता गोंधळ असा. अ‍ॅपवर फंडाचा खर्च 0.20 टक्के दिसतो आणि ईटीएफचा 0.45. म्हणजे फंड स्वस्त. पण मागच्या एका वर्षात ईटीएफची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, 40.2 टक्के वाढली आणि माझ्या फंडाची 39.3. स्वस्त असून मागे कसा? याला ट्रॅकिंग एरर म्हणतात का? आणि पुढे दोघांपैकी काय चालू ठेवू? माझ्या डीमॅटला प्रत्येक ऑर्डरमागे सरसकट 25 रुपये दलाली आहे, वर जीएसटी.

इतवारी_ओळ:
ताई, इतकं डोकं लावता कशाला? सराफाकडे भिशी लावा. अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा त्याचा. आमच्या घरी तीन पिढ्या असंच चालू आहे.

खामला_चौक:
दादा, दागिना करायचाच नाही हो. भिशीच्या शेवटी दागिनाच घ्यावा लागतो आणि घडणावळ जाते. शिक्षणाला पैसाच लागणार.

बुटीबोरी_शिफ्ट:
सोपं आहे. फंडाचा खर्च 0.20 आणि ईटीएफचा 0.45, तर फंडच घ्या. डीमॅट नको, दलाली नको, पैसे आपोआप कटतात. परताव्यातला फरक म्हणजे ट्रॅकिंग एरर. तो कधी पुढे असतो, कधी मागे, पुढच्या वर्षी भरून निघेल. मी शिफ्टमध्ये असतो, सव्वानऊ ते साडेतीन बाजार पाहत बसायला वेळ कोणाले आहे बावा!

हिशेबनीस:
सोयीबद्दल बुटीबोरी बरोबर बोलले, खर्चाबद्दल नाही. फंडाचा 0.20 हा त्याचा स्वतःचा, वरचा खर्च आहे. फंडाच्या पोटात ईटीएफ आहे आणि ईटीएफ आपले 0.45 एनएव्हीतून आधीच कापून घेतो. म्हणजे तुमच्यापर्यंत येईस्तोवर 0.65 जातात. फॅक्टशीटच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मूळ योजनेचा खर्च याशिवाय आहे. अ‍ॅपवाले ती ओळ दाखवत नाहीत, म्हणून फंड स्वस्त वाटतो.

भरून निघेल, हेही खरं नाही. दोन दूधवाले घ्या. एक रोज न चुकता दहा मिनिटं उशिरा येतो. दुसरा कधी दहा मिनिटं लवकर, कधी दहा मिनिटं उशिरा. ट्रॅकिंग एरर म्हणजे हे मागेपुढे होणं, त्यामुळे पहिल्या दूधवाल्याचा एरर शून्य निघेल, आणि तरी दूध रोज उशिराच. त्या रोजच्या उशिराला ट्रॅकिंग डिफरन्स म्हणतात. खर्च रोज थोडाथोडा कापला जातो, म्हणून तो एररमध्ये जवळपास दिसतच नाही, डिफरन्समध्ये दिसतो. पाच वर्षं धरून ठेवणाऱ्याने डिफरन्स पाहावा. ईटीएफचा हा आकडा फंड कंपन्या दर महिन्याला जाहीर करतात.

आता तुमचे 0.9. सोनं 40 टक्के चढलं त्या वर्षी खर्चही चढलेल्या रकमेवर लागतो, म्हणून 0.20 चे साधारण 0.28 होतात. 0.9 मात्र त्यात बसत नाहीत. एक काम करा, फंडाच्या स्टेटमेंटवर योजनेच्या नावापुढे काय लिहिलं आहे ते पाहून सांगा.

खामला_चौक:
पाहिलं. `Regular Plan - Growth` असं आहे.

हिशेबनीस:
मला तोच संशय होता. अ‍ॅपवर तुम्ही पाहिला तो डायरेक्ट प्लॅनचा खर्च. तुमचा रेग्युलर आहे, त्यात वितरकाचं कमिशन असतं. त्याच फंडाच्या रेग्युलरचा आकडा काढा.

खामला_चौक:
0.50 आहे. बँकेतल्या ताई म्हणाल्या होत्या, फी काहीच नाही!

हिशेबनीस:
वेगळी फी नाही, एनएव्हीतून जाते. 0.50 ला 1.4 ने गुणा, 0.7 आले. तुमच्या 0.9 पैकी 0.7 चा हिशेब लागला. उरलेले 0.2 दोन गोष्टींतून येऊ शकतात. लोक पैसे काढतील म्हणून फंड थोडी रोकड बाळगतो आणि सोनं पळत असताना ती रोकड जागेवर बसून राहते. दुसरं म्हणजे ईटीएफचा बाजारभाव. कशाचा वाटा किती, हे इथे बसून सांगता येणार नाही.

बुटीबोरी_शिफ्ट:
मान्य, मी एकच आकडा पाहत होतो. पण बाजारभावाचं काय ते नीट सांगा. ईटीएफच्या आत सोनंच आहे ना, मग भाव दोन कसे?

हिशेबनीस:
एनएव्ही म्हणजे आतल्या सोन्याची किंमत. बाजारात युनिट त्याच किमतीला मिळेल असं नाही, घेणारे जास्त झाले की भाव वर जातो. फंड कंपनीकडून थेट एनएव्हीने युनिट घ्यायचं तर 25 कोटींची ऑर्डर लागते, म्हणून आपण बाजारातच अडकतो. ताई, गुरुपुष्याला ईटीएफ घेतलं होतं का?

खामला_चौक:
हो! 47 युनिट घेतली, सकाळी बाजार उघडल्या उघडल्या. 104.90 ने पडली. मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकली होती. त्या वेळी शेजारी 103.10 असा आकडा आयएनएव्ही म्हणून दिसत होता, मला वाटलं जुना असेल.

हिशेबनीस:
जुना नव्हता. आयएनएव्ही बाजार चालू असताना बदलत राहतो आणि आत्ता आतलं सोनं कितीचं आहे ते सांगतो. तुम्ही युनिटमागे 1.80 जास्त दिले, म्हणजे पावणेदोन टक्के. 47 युनिटला 84 रुपये 60 पैसे. डायरेक्ट फंडाचा वरचा खर्च 0.20 धरला तर 4,930 रुपयांवर वर्षाला दहा रुपयेही होत नाहीत. म्हणजे त्या एका सकाळी तुम्ही फंडाचा साडेआठ वर्षांचा जादा खर्च भरून टाकला. यापुढे पहिली पंधरा-वीस मिनिटं सोडा, आयएनएव्ही पाहा आणि त्याच्या जवळपासच्या ठरावीक भावाची लिमिट ऑर्डर लावा. नाही लागली तर नाही लागली.

परतवाडा_काका:
मग फंडवाला यातून सुटला म्हणायचा. एनएव्हीने मिळतो ना त्याले.

हिशेबनीस:
काका, अर्धा सुटला. तुम्हाला फंडाच्या एनएव्हीने युनिट मिळतं, पण ती एनएव्ही काढताना फंड आपल्याकडच्या ईटीएफला बाजारातला बंद भाव लावतो. बाजारभाव फुगलेला असेल तर फंडाची एनएव्हीही फुगलेली, आणि तुम्ही त्याच भावाने आत शिरता. ऑक्टोबर 2025 मध्ये चांदीत हेच झालं. चांदीच्या ईटीएफचे बाजारभाव इतके वर गेले की काही कंपन्यांनी आपल्या चांदीच्या फंडात एकरकमी पैसे घेणं थांबवलं. फंडवाल्याचा फायदा एवढाच की सकाळच्या घाईतला भाव त्याला लागत नाही.

परतवाडा_काका:
माझ्याजवळ सरकारी सुवर्णरोखे आहेत, वर अडीच टक्के व्याज येते. खर्च काहीच नाही. तेच घ्या ना.

हिशेबनीस:
तुमचे आहेत ते ठेवा. नवे रोखे फेब्रुवारी 2024 नंतर निघाले नाहीत. बाजारात जुने मिळतात, पण महिन्याला 5,000 च्या शिस्तीत ते बसत नाहीत.

ताईंच्या मूळ प्रश्नावर येतो. पाच वर्षं, महिन्याला 5,000. शेवटी 3 लाख भरलेले असतील, म्हणजे सरासरी दीड लाख रक्कम आत राहिली असं धरा. सोन्याची वाढ सोडून देऊ. डायरेक्ट फंडाचा वरचा 0.20 म्हणजे वर्षाला 300, पाच वर्षांचे 1,500. रेग्युलरचा 0.50 म्हणजे 3,750. ईटीएफला वरचा खर्च नाही, पण दर ऑर्डरला 25 आणि जीएसटी मिळून 29.50, साठ ऑर्डरचे 1,770. विकताना डीमॅटचं शुल्क वेगळं. म्हणजे तुमच्या दलालीत दरमहा ईटीएफ घेणं डायरेक्ट फंडापेक्षा महागच आहे. तेच तिमाहीला 15,000 चं घेतलंत तर वीस ऑर्डरचे 590 होतात आणि ईटीएफ पुढे जातो. पण प्रत्येक वेळी आयएनएव्ही पाहण्याची सवय लागली तरच. डीमॅटचा वार्षिक आकारही तपासा. बेसिक सर्व्हिसेस प्रकारचं खातं असेल तर 4 लाखांच्या होल्डिंगपर्यंत तो लागत नाही.

खामला_चौक:
तिमाहीची सवय माझ्याने होणार नाही, पेपर तपासायच्या दिवसांत तर नाहीच. डायरेक्ट फंडाची एसआयपी लावते आणि बँकेतली बंद करते. पण आधीचे नव्वद हजार रेग्युलरमध्ये भरलेले आहेत, ते काढून इकडे टाकू का?

बुटीबोरी_शिफ्ट:
तीन वर्षं होऊ द्या. इंडेक्सेशन मिळेल, म्हणजे महागाईएवढा नफा वगळला जाईल, कर कमी लागेल.

हिशेबनीस:
तो जुना नियम गेला. आता ईटीएफ 12 महिन्यांनी आणि हा फंड 24 महिन्यांनी दीर्घ मुदतीचा होतो. 12.5 टक्के, इंडेक्सेशन नाही. प्रत्येक हप्त्याचे 24 महिने वेगळे मोजायचे. ताईंचा पहिला हप्ताही अजून तिथवर पोचलेला नाही. आत्ता काढले तर नफा उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर.

पण इथे एक गंमत आहे. नवी करप्रणाली असेल आणि हा नफा धरूनही एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत राहत असेल, तर स्लॅबच्या करावर सूट मिळून तो शून्य होतो. 12.5 टक्क्यांच्या दीर्घ मुदतीच्या करावर ती सूट मिळत नाही. म्हणजे थांबल्याने कर वाढू शकतो. तुम्ही जुन्या प्रणालीत आहात की नव्या?

खामला_चौक:
जुन्या. घराचं कर्ज आहे. या वर्षी बदलायचं की नाही ते शाळेच्या ऑफिसात अजून कळवलेलं नाही.

हिशेबनीस:
मग ते आधी ठरवा. तोवर रेग्युलरमधले नव्वद हजार तसेच राहिले तर जादाचा 0.30 म्हणजे वर्षाला 270 रुपये जातील. सोनं वाढलेलं असल्याने थोडे अधिक धरा. घाईने विकून कर भरावा एवढी ती रक्कम नाही.

परतवाडा_काका:
पण जुन्या प्रणालीत राहिल्या तर चोवीस महिने थांबायचं, अन नव्यात गेल्या तर लगेच काढायचं, असंच ना?

हिशेबनीस:
साधारण तसंच. जुन्यात त्या कितीच्या स्लॅबमध्ये बसतात ते पाहावं लागेल, 5 टक्क्यांत असतील तर तिथेही थांबण्यात अर्थ नाही. आणि काढण्याआधी एक्झिट लोडची, म्हणजे लवकर पैसे काढल्यास कापल्या जाणाऱ्या शुल्काची, मुदत पाहा. काही फंडांत ती पंधरा दिवसांची असते, काहींत वर्षाची. तीही हप्त्यागणिक मोजतात.