मदत हवी आहे : अडथळ्याच्या आत वाढत जाणारे पद गाळता येते का?

नमस्कार. 1 eV ऊर्जेचा इलेक्ट्रॉन 5 eV उंचीच्या आयताकृती विभव-अडथळ्यावर आदळतो, असे उदाहरण मी सोडवत आहे. अडथळ्याच्या आत κ = √(2m(V₀−E))/ħ ची किंमत सुमारे 10.25 प्रति नॅनोमीटर येते. रुंदी 0.1, 0.2 आणि 0.3 नॅनोमीटर धरल्यावर पारगमन गुणांक अनुक्रमे 0.30, 0.042 आणि 0.0055 मिळाला. म्हणजे तो आधी 7.2 पटींनी आणि नंतर 7.7 पटींनी घटतो, तर e^(−2κa) नुसार ही घट दर वेळी 7.8 पट हवी. अरुंद अडथळ्यासाठी अचूक सूत्राचा छेद, म्हणजे 1 अधिक sinh² चे पद, निव्वळ घातांकी नसतो, त्यामुळे हा फरक मला समजतो.

माझी खरी अडचण वेगळी आहे. अडथळा रुंद असेल तर आत फक्त e^(−κx) उरते, असे वर्गात सांगितले गेले. परंतु एकट्या क्षयी पदाचा संभाव्यता प्रवाह शून्य येतो, मग पलीकडे काही पोहोचतेच कसे? पलीकडच्या कडेवर सीमा-अटी लावून पाहिल्या, तेव्हा e^(+κx) चे पद तिथे क्षयी पदाइतक्याच मोठेपणाचे, फक्त वेगळ्या कलेचे निघाले, आणि अलीकडच्या कडेवर मात्र ते e^(−2κa) पट लहान असते. प्रवाह या दोन पदांच्या गुणाकारातूनच येतो, म्हणून रुंदीवरचे e^(−2κa) हे अवलंबनही तिथूनच येते, असा माझा तर्क आहे.

हा तर्क बरोबर आहे का? तसे असल्यास, लहान म्हणून ते पद नेमके कोणत्या राशी काढताना गाळणे योग्य ठरते?