अनुभव धागा : रंगावर, वजनावर बोलणाऱ्या आपल्याच माणसांना तुम्ही नेमकं काय उत्तर दिलंत?

अबोली

गेल्या वर्षी गौरीजेवणाला माझ्या नणंदेने माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची हनुवटी धरली आणि भरल्या पंगतीत म्हणाल्या, "अगं, किती काळवंडलीस! अगदी आईवर गेलीस." माझ्या हातात पुरणपोळ्यांचं ताट होतं. मी कसंबसं हसले आणि पुढे वाढत गेले. चार दिवसांनी मुलगी बाथरूममध्ये डाळीच्या पिठाने कोपर घासत बसलेली दिसली. कोपर लालबुंद झालं होतं. तिने विचारलं, "आई, हे किती दिवसांत जातं?"

त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं. मुलीने ते पाहिलं होतं.

आधी मी नवऱ्याशी बोलले. बहीण त्याची, म्हणजे बोलायचंही त्याने, असं माझं म्हणणं. तो म्हणाला, "ताईच्या मनात काही नसतं गं." मी कोपराचं सांगितलं, तेव्हा गप्प झाला. रात्री फोनवर त्याने एवढंच सांगितलं : "ताई, तुझा तिच्यावर जीव आहे हे तिला माहीत आहे, म्हणूनच तुझं बोलणं तिला लागतं. तिच्या रंगाबद्दल तिच्यासमोर बोलू नकोस." त्या रडल्या. "मी काय परकी आहे का?" म्हणाल्या. आठ दिवस फोन नाही.

भाऊबीजेला पुन्हा. "आता जरा उजळलीय, नाही?" त्यांना वाटलं, हे तर कौतुकच आहे. मी हातातलं काम ठेवलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "वन्सं, रंगाबद्दल नको. हा आकाशकंदील तिने स्वतः केलाय, तो बघा." त्यांनी बघितला, कागद कुठून आणला तेही विचारलं.

संक्रांतीला मात्र, "हिला काळा फ्रॉक नको गं, आणखी काळी दिसेल." तेव्हा मी सांगितलं, "वन्सं, हे तिसऱ्यांदा झालं. आज आम्ही निघतो, पुन्हा येऊ." तिळगूळ दिला, पाया पडलो आणि दहा मिनिटांत बाहेर पडलो. त्यानंतर आजतागायत त्यांनी रंगाचा विषय काढलेला नाही. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलतात, आणि ते मला सलतं.

तुम्ही काय केलंत? "दुर्लक्ष करा" नको. नेमकं वाक्य लिहा, आणि पुढे काय झालं तेही.

कोकमकढी

मी फोंड्याची. बाळंतपणानंतर थायरॉइड निघालं आणि वजन चढलं. सुरुवातीला कोणी काही म्हटलं की मी लगेच कारण सांगायची. तिथेच चुकत होते. फोंड्यात एका लग्नात मावशीला "थायरॉइड आहे" म्हणून सांगितलं, तर पुढचा अर्धा तास गोळी कितीची, कोबी का खातेस, अमक्याच्या सुनेचं एका काढ्याने कसं गेलं, हेच चाललं. दोन काकू आणखी येऊन बसल्या. कारण दिलं की समोरच्याला वाटतं, आपल्याला विषयात घेतलंय.

आता "केवढी जाडी झालीस गं!" आलं की मी म्हणते, "हो, वाढलंय वजन." आणि थांबते. मान खाली घालत नाही. बहुतेकांची गाडी तिथेच थांबते, कारण पुढचं वाक्य त्यांनी माझ्या "नाही हो"साठी ठेवलेलं असतं. कोणी म्हटलंच की "मग काहीतरी कर ना," तर, "ते मी डॉक्टरांशी बोलते. तुम्ही सांगा, यंदा काजू कसे लागलेत?" प्रश्न त्यांच्या जिव्हाळ्याचा हवा. नुसतं "बाकी काय?" विचारलं तर फिरून वजनावरच येतात.

रोजचा डबा

माझं 84 होतं, 72 वर आणलं. रात्रीचं जेवण सात वाजता, भात फक्त दुपारी, आणि रोज पाऊण तास चालणं. दालचिनीचं पाणीही घेऊन बघा.

अबोली

@रोजचा डबा, तुम्ही आपुलकीने लिहिलंय, पण हा धागा वजन कमी करण्याचा नाही. लोक बोलतात तेव्हा काय म्हणायचं, त्याचा आहे.

रोजचा डबा

शीर्षक नीट वाचलं नाही, माफ करा. पण तेही सांगण्यासारखं आहे. वजन उतरल्यावर बोलणं थांबेल असं वाटलं होतं. ते नुसतं बदललं. "शुगर निघाली का?" "घरी काही टेन्शन?" एकाने तर बायकोला बाजूला घेऊन विचारलं. त्याला मी सांगितलं, "काळजी वाटली तर मला विचार, तिला नको. ती घाबरते." पुन्हा नाही विचारलं.

जुनी वही

माझं वय सत्तर. दुसरी बाजू सांगते. 1972 च्या दुष्काळात आमच्या गावाने सुकडी खाऊन दिवस काढले. खडी फोडायला गेलेल्या बायका संध्याकाळी परत यायच्या तेव्हा गालफडं बसलेली असायची. त्यानंतर कोणी अंगाने भरलेलं दिसलं की "तब्येत सुधारली" म्हणायचो, ते अगदी मनापासून. सुनेला मी तेच म्हणत होते. एक दिवस ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, तब्येतीचं नका म्हणू. 'कशी आहेस' विचारा, मी सगळं सांगेन." मला राग आला नाही, कारण काय बोलू नका याबरोबर काय बोला हेही तिने सांगितलं.

रंगाचं मात्र वेगळं. ते आमच्या वेळीही कौतुक नव्हतं. 1976 मध्ये मला बघून गेलेल्या एका स्थळाचं पत्र आलं : "मुलगी रंगाने डावी आहे." वडिलांनी घडी घालून खिशात ठेवलं, मला दाखवलं नाही. पुढे त्यांच्या पेटीत सापडलं. तेव्हा, अबोलीताई, तुम्ही उठून निघालात ते बरोबर केलंत.

घाटमाथा

रंगावर बोलणाऱ्यांच्या हातात पुष्कळदा एखादी ट्यूबही असते, म्हणून हे लिहिते. कॉलेजात असताना मामीने एक क्रीम दिलं. "माझ्या भाचीला पंधरा दिवसांत फरक पडला." मलाही पडला. चेहरा चकाकायला लागला, सगळे विचारू लागले. तीन महिन्यांनी बंद केलं आणि आठवड्यात गाल लाल, आग आग, पुरळ. उन्हात उभं राहवेना. पुन्हा लावलं की शांत व्हायचं, म्हणून पुन्हा लावत राहिले. गालावर लव दाट व्हायला लागली तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. हे मिश्रण काही डागांवर, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचं असतं, रोज गोरं होण्यासाठी नाही. चेहरा पूर्ववत व्हायला आठ महिने गेले. गालावरच्या बारीक लाल रेषा अजून आहेत.

मामीला दोष देत नाही, तिने स्वतःच्या पैशाने आणलं होतं. आता कोणी काही आणलं तर वस्तू हातात घेतच नाही. "मामी, चेहऱ्याला डॉक्टर सांगतील तेवढंच लावते. हे परत ने, वाया जाईल." हातात घेतलं की पुढच्या भेटीत "लावतेस का?" सुरू होतं.

हिंजवडी शटल

आमचा मॅनेजर रोज सकाळच्या मीटिंगमध्ये मला, "तू लिफ्ट घेऊ नकोस, जिना चढ." सगळे हसतात. यावर थेट POSH खाली तक्रार होते ना? वजनावर बोलणं म्हणजे छळच.

फाइलवाली

मी आमच्या कंपनीच्या अंतर्गत समितीवर चार वर्षं आहे. थेट होतेच असं नाही. 2013 चा तो कायदा लैंगिक छळाबद्दल आहे. फिगरवर, छातीवर, कपड्यातून काय दिसतं यावर लैंगिक अर्थाने कोणी बोललं तर ते त्यात येतं, आणि तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची. "जिना चढ" हे अपमानकारक आहे, पण समिती ते लैंगिक मानेल याची खात्री देता येणार नाही. चुकीच्या दारात गेलात तर, "समितीने काही केलं नाही," एवढंच तो सांगत फिरेल.

आधी वहीत तीन गोष्टी लिहा : तारीख, त्याचे जसेच्या तसे शब्द, कोण हजर होतं. मग त्याला एकट्याला मेल करा, लहान. "आज सकाळच्या मीटिंगमध्ये तुम्ही माझ्या वजनाबद्दल बोललात. मला ते चालणार नाही. कामाबद्दल जे सांगायचं ते जरूर सांगा." "वाईट वाटलं" लिहू नका, त्यावर "मी गंमत केली" असं उत्तर ठरलेलं आहे. पुन्हा झालं तर हाच मेल जोडून एचआरकडे. तेव्हा "मला कल्पना नव्हती" म्हणता येत नाही.

हिंजवडी शटल

मंगळवारी पाठवला. पाठव बटणावर पाच मिनिटं बोट ठेवून बसले होते. उत्तर एका शब्दाचं, "Noted." पण तीन दिवस मीटिंगमध्ये काही नाही. टीमबरोबर जेवायला जाताना मला हाक मारली नाही. ते मुद्दाम की सहज, कळत नाही.

काटकुळा

पुरुषांचंही लिहितो. उंची पाच फूट दहा, वजन 54. "वारा आला तर धरून उभा राहा." सासुरवाडीला ताटात चौथी पोळी न विचारता पडते. मी सासूबाईंना म्हणालो, "आई, तुमच्या हातचं मला आवडतं म्हणूनच सांगतो, पोट भरल्यावर वाढलं की त्रास होतो." पोळी थांबली, सासरे अजून बोलतात.

पारिजात

कोकमकढी, तुमचं पटलं, पण माझा अनुभव उलटा आहे. मला हातावर आणि ओठांजवळ कोड आहे. मी गप्प राहायची तेव्हा ऑफिसात एक जण माझ्या डब्यातलं घ्यायची टाळायची. शेवटी मी तिला सांगितलं, "हे कोड आहे. हात लावल्याने, एकत्र जेवल्याने होत नाही." तिला हेच विचारायचं होतं, धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या डब्यातली थालीपीठं घेतली. म्हणजे समोरच्याच्या मनात भीती असेल तर कारण सांगावं, एका वाक्यात.

कोकमकढी

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. भीती आणि भोचकपणा तोंडावर सारखेच दिसतात, ओळखायचं कसं?

पारिजात

मी पहिल्यांदा सांगते. दुसऱ्यांदा तोच विषय आला तर "बोललोय आपण यावर."

तुळशीवृंदावन

सगळ्यांचं वाचलं. "आम्ही निघतो" म्हणायला मला जागा नाही, मी सासूबाईंबरोबर एकाच घरात राहते. नवरा बोटीवर, सहा सहा महिने येत नाही, म्हणजे "तुझी आई, तू बोल" तेही फोनवरच. रोज पोळ्या लाटताना, "दंड बघ किती सुटलेत."

अबोली

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नाही. मला निघून जाता आलं, ते माझं घर वेगळं आहे म्हणून.

जुनी वही

बाळ, घर सोडता येत नसलं तरी खोली सोडता येते. बोलल्या की, "आई, यावर नको," म्हण आणि पाच मिनिटं ओट्यापासून बाजूला हो. भांडू नकोस, गॅस बारीक करून जा.

तुळशीवृंदावन

काल केलं. गॅस बारीक केला आणि कपडे काढायला गच्चीवर गेले. परत आले तर उरलेल्या चार पोळ्या त्यांनी लाटून ठेवल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. आज सकाळी पुन्हा दंडावर आल्या. मी पुन्हा गच्चीवर गेले.